आखूड नखांसाठी तीन बाटल्या

*मी चिपळूणजवळच्या एका गावात राहते आणि पतसंस्थेत काउंटरवर काम करते. दिवसभर नोटा मोजणं, शिक्के मारणं, कीबोर्ड. घरी रोजचा नारळ खवणं आणि श्रावण सोडला तर मासे. त्यामुळे नखं वाढवता येत नाहीत, त्यात माझी नखं मुळातच रुंद आहेत. रंग सावळा. फिकट गुलाबी नेलपॉलिश लावलं की नखांवर खडू घासल्यासारखं दिसतं, गडद लावलं की बोटं ठेंगणी दिसतात आणि पावसाळ्यात तर काहीही लावा, दोन दिवसांत पापुद्रे निघतात. श्रावणाच्या शेवटच्या रविवारी पुतणीचा साखरपुडा आहे, मागोमाग गणपती आणि गौरी. ऑफिसला, साखरपुड्याला आणि सणाला कुठले रंग घेऊ? फार बाटल्या घ्यायच्या नाहीत.*
*— एक वाचक, चिपळूण तालुका*

ताई, तीन बाटल्या पुरतील. ऑफिससाठी गुलाबीकडे झुकणारा तपकिरी, साखरपुड्यासाठी आमसुली आणि गौरीसाठी अबोली. तिन्ही क्रीम फिनिशच्या घ्या, म्हणजे ज्यांत मोत्याची झाक नाही, चमचम नाही, नुसता सपाट आणि तकतकीत रंग आहे अशा. यांच्या जोडीला एक बेस कोट आणि एक टॉप कोट लागेल. ते रंगाच्या बाटल्यांत मोजू नका, पण टाळूही नका. तुमचे पापुद्रे बऱ्याच अंशी तिथेच थांबणार आहेत.

लांब नखावर रंगाला पसरायला जागा असते, त्यामुळे बघणाऱ्याचं लक्ष रंगाकडे जातं. आखूड नखावर मात्र डोळा आधी कड बघतो. रंग कुठे संपतो आणि कातडी कुठे सुरू होते, ती रेषा. म्हणून आखूड नखाला दोनच गोष्टी शोभतात. एक तर ती रेषा दिसूच नये, म्हणजे रंग कातडीच्या इतका जवळचा असावा की बोट आणि नख सलग वाटावं. नाहीतर ती रेषा सुरीने कापल्यासारखी स्वच्छ असावी. ऑफिसची बाटली पहिल्या प्रकारातली, आमसुली दुसऱ्या. तुम्हाला गडद रंग शोभत नाही असं नाही. गडद रंग नखाच्या बाजूंना कातडीवर गेला की रुंद नख आणखी रुंद होतं, आणि ठेंगणेपणा तिथून येतो.

आधी ऑफिसचा रंग. फिकट गुलाबी, दुधी, बेबी पिंक अशा शेडमध्ये पांढरं रंगद्रव्य भरपूर घातलेलं असतं. सावळ्या बोटावर हा पांढरेपणा कातडीपेक्षा उजळ पडतो आणि दहा नखं दहा पांढुरके चौकोन होऊन पुढे येतात. शिवाय असा रंग ब्रशच्या रेघा दाखवतो, त्या झाकायला आपण जाड थर देतो, आणि मग खडूचा भास पूर्ण होतो. म्हणून नियम एवढाच ठेवा: ऑफिसची शेड बोटाच्या कातडीपेक्षा किंचित गडद किंवा किंचित गुलाबी चालेल, उजळ कधीच नको.

आता बोटाची कातडी म्हणजे नेमकी कुठली? बहुतेक जणी बाटली गालाजवळ किंवा मनगटाच्या आतल्या बाजूला धरून बघतात. तिथली कातडी बोटापेक्षा उजळ असते. बघायचं ते नखाच्या मुळापासून पहिल्या पेरापर्यंतच्या भागाकडे, कारण नखाच्या शेजारी तोच भाग दिसणार आहे. दुकानात जाताना पर्समध्ये पारदर्शक चिकटपट्टीचा लहान रोल ठेवा. अंगठ्याच्या नखावर पट्टीचा तुकडा चिकटवा, त्यावर टेस्टरमधला रंग दोनदा लावा, पाच मिनिटं थांबा आणि दुकानाच्या दारात येऊन उजेडात बघा. आतल्या ट्यूबलाइटखाली तपकिरी रंग राखाडी वाटतो आणि बाटलीच्या जाड काचेतून प्रत्येक रंग असतो त्यापेक्षा गडद दिसतो, त्यामुळे काउंटरवर उभं राहून घेतलेला निर्णय घरी येऊन फसतो. तीच पट्टी सोलून दुसऱ्या शेडच्या पट्टीशेजारी कागदावर लावली की तुलनाही होते, आणि नखाला रिमूव्हर लावावा लागत नाही.

तुम्हाला हवा तो रंग सुकलेल्या गुलाबाच्या पाकळीसारखा. बाटलीवर त्याला रोझवुड, मॉव्ह, न्यूड ब्राउन असं काहीही म्हटलेलं असेल. कंपनीगणिक नावं बदलतात, म्हणून पसंत पडलेल्या बाटलीच्या तळाचा नंबर लिहून ठेवा. तुमच्याहून गव्हाळ वर्णाच्या बाईने हाच रंग एक पायरी गुलाबी घ्यावा आणि अगदी काळसर बोटांना लालसर चॉकलेटी जास्त सुरेख दिसतो. या शेडचा आणखी एक फायदा तुमच्या स्वयंपाकघरात कळेल. हळदीचा रंग नेलपॉलिशच्या थरात मुरतो आणि पुसून जात नाही. माशांना हळद-तिखट चोळलं की फिकट गुलाबी नखं त्याच दिवशी पिवळट होतात. गुलाबी-तपकिरीवर तोच पिवळेपणा जवळजवळ दिसत नाही.

मोत्याची झाक असलेले रंग ऑफिसला सभ्य वाटतात म्हणून पुष्कळ जणी घेतात. तुम्ही घेऊ नका. त्या झाकेसाठी रंगात अभ्रकाचे बारीक कण असतात, ते ब्रशच्या दिशेने रांगेत बसतात आणि नखावरच्या उभ्या रेघा, खाचखळगे सगळे उठून दिसतात. वर रुंद नखावर उजेड पसरून ते आणखी रुंद वाटतं.

साखरपुड्याचा आमसुली. पाण्यात भिजवलेलं आमसूल उजेडासमोर धरलं की कडेला जो लाल-जांभळा दिसतो, तो रंग. नुसत्या कोरड्या आमसुलाचा काळपट नव्हे. हा फरक बाटलीत ओळखायचा तर ब्रश बाहेर काढून बाटलीच्या तोंडाच्या काचेवर पातळ फराटा ओढा. फराट्याची कड लाल किंवा जांभळी दिसली तर घ्या, तपकिरी-काळी दिसली तर ठेवून द्या. हॉलमधल्या पिवळ्या दिव्यांखाली जांभळा अंश दबतो आणि असा काळपट रंग पार काळा होतो. म्हणून मनात असेल त्यापेक्षा एक पायरी लाल शेड निवडा. हिरव्या बांगड्यांशेजारी आणि जरीशेजारी आमसुली फार देखणा दिसतो, आणि साडीशी तो तंतोतंत जुळवायची गरज नसते. चिंतामणी, मोतिया, हिरवी, अगदी राणी रंगाची साडी असली तरी तो एक पायरी गडद राहून निभावतो. साडीच्याच रंगाची नखं करायचा हट्ट आखूड नखांवर सहसा फसतो, कारण पदराखालून आलेला हात साडीतच विरून जातो.

आता लावण्याचं बघू, कारण आमसुलीचं सगळं त्यावर आहे. आधी दहाही नखं एका मापाची करा. तळहात डोळ्यांसमोर धरला की बोटाच्या टोकावर नखाची कड जेमतेम एक मिलिमीटर दिसावी, यापेक्षा कमी-जास्त असेल ते घासून सारखं करा. फिकट रंगाखाली लांबीतला फरक लपतो, गडद रंग तो ओरडून सांगतो. नेल फाइल १८० किंवा २४० ग्रिटची घ्या, एकाच दिशेने चालवा आणि टोकाची वळणदार रेषा नखाच्या मुळाशी असलेल्या वळणासारखीच ठेवा. चौकोनी टोक रुंद नखाला आणखी चौकोनी करतं.

बेस कोट सुकला की ब्रश बाटलीत बुडवून एक बाजू बाटलीच्या गळ्यावर पूर्ण पुसून घ्या. दुसऱ्या बाजूच्या टोकाला करंगळीसाठी मोहरीएवढा थेंब राहू द्या, अंगठ्यासाठी कोरड्या साबुदाण्याएवढा. ब्रश नखाच्या अगदी मुळाशी टेकवू नका. मुळापासून थोडा पुढे, नखाच्या मधोमध टेकवा, हलकेच मागे ढकला आणि मुळाच्या कातडीपासून केसभर अंतर उरलं की थांबा. मग एका दमात टोकापर्यंत ओढा. मधला पट्टा झाला. आता डावीकडून एक, उजवीकडून एक असे दोन फटकारे, पण दोन्ही बाजूंना नखाची केसभर पट्टी उघडी ठेवा, अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. ही उघडी पट्टी लांबून कुणाला दिसत नाही, ती बोटाच्या सावलीत जाते आणि रंगाचा भाग मात्र अरुंद व उभा दिसतो. तुमच्या रुंद नखाला हा एकच उपाय सगळ्यात जास्त उपयोगी आहे. अंगठ्यावर तो करून बघा आणि एका अंगठ्याला बाजू भरून रंगवा, एकाला पट्टी सोडून. शेजारी धरले की कळेल.

आखूड नखाच्या टोकाला रंगाची कड फिरवताना तो बोटाच्या मांसल भागावर हमखास लागतो. तिथे तसाच ठेवू नका. नख आणि कातडी दोन्हीला चिकटलेला थर बोट वाकलं की ओढला जातो आणि टोकाकडून उचकटायला लागतो. चित्रकलेचा ० नंबरचा ब्रश रिमूव्हरमध्ये बुडवून, कागदावर टिपून घ्या आणि त्याने कड पुसा. बाजूंची रेषाही याच ब्रशने साफ होते. कापसाच्या बोळ्याने हे करायला गेलात तर आमसुलीचा लाल ओघळ कातडीच्या घडीत जाऊन बसतो.

रंग दोनच थर, तेही पातळ. पहिला थर ठिपक्याठिपक्यांचा दिसेल, दिसू दे. तो एकदाच जाड देऊन झाकण्यापेक्षा दुसऱ्या थरावर सोडणं बरं. जाड थराचा वरचा पापुद्रा आधी सुकतो, आतला ओलसर राहतो, आणि रात्री चादरीची नक्षी नखावर उमटते.

आता पापुद्र्यांकडे येऊ. निघतात कसे ते नीट बघा. टोकाला बारीक टवका उडत असेल तर ती झीज आहे, नोटांची आणि कीबोर्डची. पण रंग मुळाकडून किंवा बाजूने आख्खा कागदासारखा सुटत असेल, तर तो नखाला कधी चिकटलाच नव्हता. तुमच्या पत्रावरून हा दुसरा प्रकार वाटतो, आणि त्याची दोन कारणं तुमच्याच घरात आहेत. नारळ खवताना, त्याचं दूध काढताना तेल नखांवर बसतं, आणि साबणाने हात धुतले तरी नखाच्या बाजूच्या खाचांत उरतं. दुसरं पाणी. भांडी घासल्यावर, कपडे धुतल्यावर नख पाणी पिऊन फुगलेलं असतं. त्यावर लगेच रंग लावला तर नंतर नख वाळून आकसतं आणि सुकलेला थर त्याच्याबरोबर आकसत नाही. मधली पकड सुटते.

म्हणून क्रम असा ठेवा. रात्रीचं जेवण-भांडी आटपली की साबणाने हात धुवा, नखाच्या कडा जुन्या मऊ टूथब्रशने घासा, पुसा, आणि एक तास ओलं काम करू नका. तासाभराने प्रत्येक नख रिमूव्हरच्या बोळ्याने पुसा, नखावर रंग नसला तरी. यानंतर केसांना, चेहऱ्याला हात लावायचा नाही. लगेच बेस कोट. नखांना रात्री खोबरेल लावायची सवय असेल तर ती चांगली आहे, पण ज्या रात्री रंग लावायचा त्या रात्री नाही.

पावसाळ्यात वेळ जास्त द्यावा लागतो. बेस कोटनंतर पाच मिनिटं, पहिल्या थरानंतर आठ, दुसऱ्यानंतर दहा, मग टॉप कोट. उन्हाळ्यात याच्या निम्म्या वेळात काम होतं. टॉप कोट बोटाला चिकटेनासा झाला म्हणजे रंग सुकला असं मात्र नाही. झोपायच्या आधी दोन तास तरी मोकळे ठेवा. पंखा एकवर असू द्या आणि हात त्याच्या थेट झोतात धरू नका. जोराच्या वाऱ्याने वरची साय आधी धरते, आतला द्राव बाहेर पडताना तिला फोडतो आणि बुडबुडे राहतात. कधी आमसुलीवर धुक्यासारखी पांढरट झाक येते. रंगातला द्राव उडताना थर गार पडतो आणि आपल्याकडच्या दमट हवेतलं बाष्प त्यावर बसतं, त्याची ती झाक. बाहेर धो-धो पाऊस आणि खिडक्या उघड्या, किंवा शेजारी भाताला वाफ आलेली, अशा वेळी हे होतं. खिडकी लावून, स्वयंपाकघरापासून लांबच्या खोलीत बसा. झाक आलीच तर पुसायची घाई नको. थर वाळल्यावर टॉप कोटचा एक पातळ हात दिला की बहुतेक वेळा ती निघून जाते.

नोटा मोजताना तुमचा उजवा अंगठा आणि तर्जनी ओल्या स्पंजवर दिवसभर जातात. त्या दोन नखांना एक दिवसाआड टॉप कोट द्या, टोकाच्या कडेवरून फिरवून. बाकीच्या आठ नखांना तिसऱ्या दिवशी एकदा पुरे. मात्र असे हात देत चार-पाच दिवसांपलीकडे जाऊ नका. थर जाड होत गेला की तो वाकत नाही, तडकतो.

आता तुमचे दिवस लावून बघू. साखरपुडा रविवारी, तर शनिवारी संध्याकाळी ऑफिसचा रंग काढून आमसुली लावा. त्याच रंगावर आमसुली चढवायचा मोह होईल, कारण खालचा रंग जवळचा वाटतो. पण बेस, दोन थर, वर आणखी दोन थर आणि टॉप कोट एवढं ओझं आखूड नखावर सकाळपर्यंत पक्कं होत नाही. रविवारी पाहुण्यांच्या ताटाला हात लागताच ठसे पडतील. सोमवारी, मंगळवारी आमसुली ऑफिसला तसाच गेला तरी वावगं काही नाही, टवका उडाला नसेल तर. टवका उडाला की त्या दिवशी संध्याकाळी काढा. गडद रंगाचा अर्धवट उडालेला हात काउंटरपलीकडच्या माणसाला आधी दिसतो. काढताना भिजवलेला बोळा नखावर दहा-पंधरा सेकंद दाबून धरा आणि मुळाकडून टोकाकडे एकदाच ओढा. आडवं घासलं तर आमसुली कातडीत पसरतो.

हरतालिकेला मेंदी काढणार असाल तर आमसुली त्याआधी निघालेला हवा. मेंदीच्या बोटांवर नंतर रिमूव्हर चोळायला लागू नये. मेंदी नखावर चढली की केशरी डाग धुऊन जात नाही, तो नखाबरोबर वाढून कापला जाईपर्यंत राहतो. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, म्हणजे आखूड नखालाही काही महिने लागतात, आणि तोवर ऑफिसचा फिकट रंग त्या डागावर मळकट दिसतो. बोटांची टोकं रंगवायची हौस असली तरी नखं वाचवता येतात: मेंदीच्या आधी नखांवर बेस कोटचा एक थर द्या, मेंदी सुकून पडली की फक्त नखावरून रिमूव्हरचा बोळा फिरवा.

चतुर्थीला नखं मोकळी ठेवा. हे सांगताना आमच्या मनात किंतू नाही. उकड गरम असतानाच तेल-पाण्याचा हात लावून मळायची, मग पारी वळायची, मग चिमटीत एकेक कळी काढायची. ऊब, पाणी, तेल हे तिन्ही नेलपॉलिशची पकड सोडवतात आणि कळ्या काढताना जोर अंगठा आणि तर्जनीच्या टोकांवरच येतो. तिथला टवका उडाला तर तो पारीत जाईल आणि पांढऱ्या उकडीत अबोली टवका सापडला तरी घाणा टाकून द्यावा लागेल. सोवळ्यात नैवेद्य करणाऱ्या घरांत नखांना रंग चालतही नाही. मोकळी नखं ओकीबोकी वाटत असतील तर बफरच्या चमकवणाऱ्या बाजूने प्रत्येक नखावर सात-आठ हलके हात फिरवा. ताज्या मेंदीशेजारी नुसतं तकतकीत नख फार छान दिसतं. हे महिन्यातून एकदाच, कारण बफर दर वेळी नखाचा थोडा थर घासून नेतो.

मोदक, आरती, पंगती उरकल्या की चतुर्थीच्या रात्री किंवा दुसऱ्या दिवशी अबोली लावा. गौरी येईपर्यंत तो पक्का होईल. गौरीच्या दिवसांत हात सतत लोकांसमोर असतात. तुमच्याकडे ओवसा असेल तर सूप धरलेली दहाही बोटं समोर येतात, आणि संध्याकाळी समई व पिवळ्या माळांच्या उजेडात. त्या उजेडात आमसुली विझतो, पण केशरी-गुलाबी आणि शेंदरी रंग पेटून उठतात. साखरपुड्याची बाटली गौरीला पुन्हा न वापरता अबोली घ्यायला सांगतोय ते यासाठी.

अबोलीत एक खोड आहे. या शेडमध्येही पांढरं रंगद्रव्य असतं, त्यामुळे फार फिकट अबोली तुमच्या हातावर पुन्हा खडूकडे जाईल. वेणीतल्या फुलांपैकी गडद फूल डोळ्यांसमोर आणा, शेंदराकडे झुकलेलं. चिकटपट्टीची परीक्षा इथे जास्त काटेकोरपणे करा. पट्टी नखावरून सोलून पांढऱ्या कागदावर लावल्यावर रंग अंगावर येत असेल, तर तो निऑन आहे, सोडून द्या. दुकानातल्या सगळ्याच अबोली फिकट निघाल्या तर सरळ शेंदरी लाल घ्या, तो तुम्हाला शोभेल. पहिला थर रेघारेघांचा येतो म्हणून अबोलीला कधी तीन थर लागतात. तिन्ही पातळ, आणि तिसऱ्यानंतर टॉप कोटआधी पंधरा मिनिटं.

सणाला थोडं सोनं हवंच असेल तर फक्त अनामिकेवर, नखाच्या मधोमध मुळापासून टोकापर्यंत एक उभी सोनेरी रेषा काढा, जाडीने एक मिलिमीटरच्या आत. त्याच ० नंबरच्या ब्रशने ती निघते. उभी रेषा नजर बोटाच्या दिशेने नेते. टोकाला आडवी पांढरी किंवा सोनेरी पट्टी काढायची पद्धत लांब नखांसाठी आहे. तुमच्या नखावर ती पट्टी उरलेली लांबीही खाऊन टाकते.

पार्लरमध्ये सणासाठी जेल पॉलिश सुचवतील, दोन आठवडे हलणार नाही म्हणून. ते खरंही आहे. पण साखरपुडा, मोदक आणि गौरी यांत तुम्हाला नखं तीनदा बदलायची आहेत, आणि जेल काढायला दर वेळी ॲसिटोनमध्ये दहा-पंधरा मिनिटं भिजवावं लागतं. कंटाळून ते उचकटून काढलं तर नखाचा वरचा थर सोबत येतो, मग पातळ झालेल्या नखांवर साधा रंगही टिकत नाही. या वर्षी राहू द्या.

बाटल्यांचं एक सांगायचं राहिलं. प्रत्येक वेळी बंद करण्याआधी बाटलीचं तोंड रिमूव्हरच्या बोळ्याने पुसा. तिथे रंग सुकला की झाकण घट्ट बसत नाही, आतला द्राव उडत राहतो आणि दिवाळीपर्यंत आमसुलीचा पाक होतो. तसा झालाच तर त्यात रिमूव्हर ओतू नका, त्याने रंगाची घडण मोडते आणि तो नखावर फुटक्यासारखा बसतो. नेलपॉलिश थिनरचे दोन-तीन थेंब टाका, बाटली दोन्ही तळव्यांत धरून रवी फिरवतो तशी मिनिटभर फिरवा आणि मग ब्रश काढून बघा, थेंब न तुटता हळूच ओघळायला हवा.